लोड काढल्यावर बॅटरीचं व्होल्टेज परत का चढतं? खरा आकडा कधी धरायचा?

कृष्णाकाठ
घरी १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आहे, तीन वर्षं जुनी. आज सांगलीकडे आमच्या भागात लाईट तीन तास नव्हती. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही आणि वायफाय एवढंच चालू होतं. क्लॅम्प मीटरने बॅटरीच्या वायरवर बघितलं तर २२ अँपिअर जात होते आणि ते शेवटपर्यंत फारसे हलले नाहीत.

तीन तासांनी मी सगळं बंद केलं, इन्व्हर्टरही बंद केला आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावून बसलो. लोड असताना ११.८२ होतं. बंद केल्याबरोबर ११.९४. पाच मिनिटांनी १२.०३. अर्ध्या तासाने १२.०८, आणि तरी चढतच होतं. तेवढ्यात लाईट आली, पण इन्व्हर्टरचं चार्जिंग मी मुद्दाम सुरू केलं नाही.

नेटवर जो तक्ता सगळीकडे फिरतो त्यात ११.९ म्हणजे रिकामी, १२.० म्हणजे पाव, १२.२ म्हणजे अर्धी असं दिलंय. म्हणजे त्याच बॅटरीला अर्ध्या तासात मी रिकामीही म्हणू शकतो आणि पाव भरलेलीपेक्षा जास्तही. चार्जर तर कुठेच जोडलेला नव्हता, मग हे व्होल्टेज आलं कुठून? आणि किती वेळ थांबल्यावर आकड्यावर विश्वास ठेवायचा?

बंड्या_नाशिककर
सोपं आहे. बॅटरीला आतून रेझिस्टन्स असतो. २२ अँपिअर वाहत असताना तिथे थोडं व्होल्टेज पडतं, करंट थांबला की ते परत मिळतं. लोड काढल्यावर दिसतं तेच खरं. थांबायची काही गरज नाही.

मीरा_कोथरूड
बंड्या, रेझिस्टन्सचा परिणाम करंट थांबताच संपतो, त्याला अर्धा तास लागत नाही. कृष्णाकाठांचे आकडे बघा. ११.८२ चं ११.९४ एका झटक्यात झालं, ते तुमचं. बारा शतांश व्होल्ट भागिले २२ अँपिअर म्हणजे साधारण साडेपाच मिलिओहम, या आकाराच्या बॅटरीला पटण्यासारखं. पण ११.९४ नंतरची चढण रेझिस्टन्सने समजत नाही.

बंड्या_नाशिककर
हम्म. मग ती कशाची?

सदूभाऊ_ओतूर
बैल नांगराला जुंपला की दमतो, सावलीत उभा केला की परत ताजा होतो. बॅटरीचंही तसंच. विश्रांती मिळाली की थोडी ताकद परत येते. मी तर इन्व्हर्टर कटऑफ झाला की दहा मिनिटं थांबून परत चालू करतो, आणखी पाच-सात मिनिटं मिळतात. फुकटची.

विद्युतदास
सदूभाऊ, फुकट काही मिळत नाही. जे आतच होतं आणि त्या क्षणी हाताला लागत नव्हतं, ते लागायला लागतं, इतकंच.

माझी नोकरी टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. २ व्होल्टचे २४ सेल, मिळून ४८ व्होल्ट, आणि एक पायलट सेल ठरवलेला, त्याच्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे ते किती घट्ट आहे, रोज वहीत लिहायची. त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीत अ‍ॅसिड म्हणजे नुसतं करंट वाहून नेणारं पाणी नव्हे, ते स्वतः खर्च होतं. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बनतं, त्यासाठी सल्फेट अ‍ॅसिडमधूनच घेतलं जातं, आणि पॉझिटिव्ह प्लेटशी वर पाणीही तयार होतं. हे सगळं प्लेटच्या आत, बारीक छिद्रांमध्ये घडतं. म्हणजे लोड चालू असताना छिद्रांतलं अ‍ॅसिड झपाट्याने पातळ होतं, आणि प्लेटांच्या मधलं, बाहेरचं अ‍ॅसिड त्या मानाने घट्टच राहतं. बाहेरून आत अ‍ॅसिड झिरपत असतं, पण २२ अँपिअरच्या खर्चाला ते पुरत नाही.

आता व्होल्टेज ठरतं ते प्लेटच्या पृष्ठभागाला जे अ‍ॅसिड भिडलेलं आहे त्यावरून. ते पातळ, म्हणून व्होल्टेज कमी. लोड काढला की खर्च थांबतो पण झिरपणं चालू राहतं. हळूहळू छिद्रांतलं आणि बाहेरचं अ‍ॅसिड एकसारखं होतं आणि व्होल्टेज चढतं. कृष्णाकाठांनी जी अर्ध्या तासाची चढण बघितली ती हीच. नवीन चार्ज काहीही तयार झालेला नाही.

कृष्णाकाठ, अजून चार्जिंग सुरू केलं नसेल तर एक काम करा. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा आणि सकाळी उठल्यावर परत मोजा. हायड्रोमीटर असेल तर आत्ताही ग्रॅव्हिटी बघा आणि सकाळीही बघा. वायर काढताना आधी इन्व्हर्टर बंद, त्याचा प्लग भिंतीतून बाहेर, मगच पाना हातात घ्यायचा. हातात अंगठी-कडं नको. चार्जिंग नुकतंच झालं असेल तर बॅटरीवर हायड्रोजन असतो, एक ठिणगीही नको.

राजाभाऊ_परभणी
माझापण हाच प्रॉब्लेम आहे. इन्व्हर्टरवर बॅटरी फुल्ल दाखवते, मीटरवर १२.३४ येतं, पण लाईट गेली की वीस मिनिटांत टूं टूं करून बंद. किती वेळ थांबल्यावर बॅकअप वाढेल?

मीरा_कोथरूड
राजाभाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे. थांबून बॅकअप वाढणार नाही. सहाही बुचं उघडून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी घ्या. समजा पाच सेल १.२३० आहेत आणि एकच १.१५० वर बसलाय. तरी पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज १२.३४ च्या आसपास दिसेल, म्हणजे बऱ्यापैकी. पण लोड आला की तो एक सेल आधी कोसळतो आणि बाकीच्या पाचांना घेऊन बुडतो. आरामात असलेल्या बॅटरीचं व्होल्टेज अ‍ॅसिडची स्थिती सांगतं, प्लेटा किती शाबूत आहेत ते सांगत नाही.

राजाभाऊ_परभणी
हायड्रोमीटर कुठे मिळेल?

बंड्या_नाशिककर
बॅटरीच्या कुठल्याही दुकानात. काचेचा घ्या, वर रबरी फुगा असतो तो. वापरून झाला की साध्या पाण्याने धुवून ठेवा.

पक्या
इथे लोक रात्री अकराला बॅटरीची नाडी बघतायत, वहिनींना माहीत आहे का? 😄

कृष्णाकाठ
पक्या, वहिनीच टॉर्च धरून उभ्या आहेत 😄

विद्युतदास काका, निगेटिव्ह काढला. ग्रॅव्हिटी आत्ता सरासरी १.१९५ आली, सहाही सेल जवळपास सारखे आहेत. व्होल्टेज आता १२.१० आहे. सकाळी परत बघतो.

झटकामशीन_जुन्नर
आमच्याकडे रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणाला सोलर झटका मशीन आहे, १२ व्होल्टची छोटी बॅटरी. पॅनल लावून देणाऱ्याने सांगितलं की दुपारी मीटर लावून बघा, १३ च्या वर दिसलं की बॅटरी चांगली. दुपारी नेहमी १३.५ च्या आसपास असतंच. पण पहाटे मशीनची टिकटिक मंद होते. मग कोणाचं खरं धरायचं?

विद्युतदास
दुपारचा आकडा पॅनलचा आहे, बॅटरीचा नव्हे. चार्जिंग चालू असताना उलटं घडतं. छिद्रांत अ‍ॅसिड सुटत असतं, तिथे ते बाहेरच्यापेक्षा घट्ट होतं आणि व्होल्टेज फुगलेलं दिसतं. चार्जिंग थांबल्यावर ते हळूहळू उतरतं, आणि हे उतरणं डिस्चार्जनंतरच्या चढण्यापेक्षाही जास्त वेळ खातं. फुल्ल चार्जनंतर रात्रभर सोडली तर बरं.

तुमच्यासाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे उजाडण्याआधी. पॅनल बंद असतं आणि मशीनचा लोड इतका थोडा की बॅटरी जवळपास आरामातच असते. मंद करंटने डिस्चार्ज झालेल्या बॅटरीत आत-बाहेर फरकच फार पडत नाही, त्यामुळे थांबावंही फारसं लागत नाही.

झटकामशीन_जुन्नर
उद्या पहाटे बघतो. धन्यवाद काका.

कॅलगरीकर
इथल्या थंडीचा अनुभव. गाडी रात्री उणे २० मध्ये उभी असते. सेल्फ मारला, सुरू झाली नाही, व्होल्टेज पडलं, मग ते चढायला घरच्या गॅरेजमध्ये लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. अ‍ॅसिड थंडीत दाट होतं आणि झिरपणं मंदावतं. तुमच्याकडे जानेवारीतही हा फरक किरकोळच असेल. पण इथे 'चार तास थांबा' वगैरे नियम बाहेर उभ्या गाडीला लावायचे नसतात.

मीरा_कोथरूड
बरोबर. आणि प्लेटच्या जाडीचाही हिशोब आहे. झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, ट्यूब्युलरच्या जाड. म्हणून गाडीवाल्यांचा 'एक तास बास' हा नियम घरच्या ट्यूब्युलरला पुरत नाही.

मी कामावर लिथियमचे पॅक बघते. तिथे वेळ कमी लागतो. मोबाईलसारख्या सेलना अर्धा-एक तास दिला की चालतं. मात्र आयर्न-फॉस्फेट सेल असतील तर वेगळीच अडचण येते. मधल्या मोठ्या पट्ट्यात त्यांचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, शिवाय चार्ज करून तिथे आणलेला सेल आणि डिस्चार्ज करून तिथे आणलेला सेल कितीही तास ठेवले तरी थोडे वेगळे आकडे दाखवतात. त्यामुळे तिथे व्होल्टेजवरून टक्के काढतच नाहीत. आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला त्याची बेरीज ठेवतात.

बंड्या_नाशिककर
माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरवर चढावर २२% दिसतं आणि वर जाऊन पाच मिनिटं थांबलं की २६%. ते हेच का?

मीरा_कोथरूड
त्या स्कूटरचा मीटर व्होल्टेज बघून टक्के सांगत असेल तर हेच. करंट मोजून सांगत असेल तर थांबून टक्के वाढायला नकोत. स्कूटरच्या आत काय बसवलंय ते माहीत असल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही.

सदूभाऊ_ओतूर
काका, पण मला ती पाच-सात मिनिटं मिळतातच ना. मग त्यात वाईट काय?

विद्युतदास
मिळतात, आणि ती खोटी नाहीत. मोठ्या करंटला बॅटरी लवकर हात टेकते, कारण छिद्रांतलं अ‍ॅसिड संपतं. तीच बॅटरी नंतर एकट्या दिव्याला बराच वेळ पुरवते. इथवर तुमचं बरोबर.

वाईट काय ते सांगतो. इन्व्हर्टर साधारण साडेदहा व्होल्टला कटऑफ करतो. तिथून बॅटरी दहा मिनिटांत साडेअकराच्या वर चढलेली दिसते आणि माणसाला वाटतं, आहे अजून. पण ती तळाशीच असते. परत परत चालू करून तुम्ही तिला आणखी खाली नेता, आणि नंतर लाईट उशिरा आली तर तशीच पडून राहते. मग सल्फेटचे खडे कडक होतात आणि चार्जिंगला दाद देत नाहीत. कटऑफनंतर पंखा लावू नका. फोन चार्ज करायचा असेल तर करा, आणि लाईट आली की लगेच चार्जिंगला लावा.

कृष्णाकाठ
सकाळचा रिपोर्ट. उठल्याबरोबर १२.१५. चहा घेऊन तासाभराने परत बघितलं, १२.१५ च. ग्रॅव्हिटी १.१८५.

एक गोष्ट चक्रावून टाकणारी आहे. व्होल्टेज रात्रीपेक्षा वाढलं आणि ग्रॅव्हिटी मात्र १.१९५ वरून कमी झाली! एक म्हणतंय बॅटरी सुधारली, दुसरं म्हणतंय बिघडली.

विद्युतदास
कृष्णाकाठ, या धाग्यातली सगळ्यात मोलाची नोंद तुम्ही केलीत. दोन्ही बरोबर आहेत.

व्होल्टेज छिद्रांतलं अ‍ॅसिड बघतं आणि हायड्रोमीटर बाहेरचं ओढून घेतो. लोड काढला त्या वेळी आतलं पातळ होतं म्हणून व्होल्टेज खाली, बाहेरचं घट्ट होतं म्हणून ग्रॅव्हिटी वर. रात्रभरात बाहेरचं आत गेलं. आतलं सुधारलं, बाहेरचं उतरलं, दोन्ही मध्ये येऊन भेटले.

भेटले की नाही ते तपासायला आमच्या बॅटरी रूममध्ये एक साधा हिशोब होता. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, एका सेलचं आरामातलं व्होल्टेज मिळतं. तुमचे १.१८५ अधिक ०.८४ म्हणजे २.०२५, गुणिले सहा म्हणजे १२.१५. मीटर १२.१५ च सांगतोय. रात्री पाच मिनिटांनी मीटर १२.०३ म्हणत होता, आणि नंतर घेतलेल्या १.१९५ च्या हिशोबाने १२.२१ यायला हवं होतं. अठरा शतांशांचा फरक. म्हणजे बॅटरी अजून निवलीच नव्हती.

म्हणून किती तास थांबायचं याला माझं उत्तर घड्याळात नाही. तासाभराच्या अंतराने दोनदा मोजा, शेवटचा आकडा एक शतांशापेक्षा जास्त हलला नाही तर धरा. ट्यूब्युलरला इतक्या लोडनंतर चार तासांत तुम्ही बरेच जवळ येता, पक्कं हवं असेल तर रात्रभर.

मीरा_कोथरूड
यात टक्क्यांचीही भर घालते. बहुतेक ट्यूब्युलरची पूर्ण चार्ज ग्रॅव्हिटी १.२४० धरतात, गाडीच्या बॅटरीची त्याहून जास्त असते. १.२४० ला व्होल्टेज १२.४८ येतं. म्हणजे नेटवरच्या तक्त्यात जे १२.७ ला १००% लिहिलंय ते तुमच्या बॅटरीला आरामात कधीच दिसणार नाही, ती पूर्ण भरली तरी. तक्ता गाडीच्या बॅटरीचा आहे.

तुमचे २२ अँपिअर तीन तास म्हणजे ६६ अँपिअर-अवर गेले. १५० मधून ६६ वजा केले तर ८४ उरले, निम्म्याहून थोडे जास्त. तक्त्यात १२.१५ ला निम्म्याहून कमी दाखवलं असतं, आणि पाच मिनिटांचा आकडा धरला असता तर पावभर. बॅटरी तीन वर्षांची आहे, आता पूर्ण १५० असेलच असं नाही, तेवढी सूट धरा.

नवीन_सभासद_अलिबाग
माझ्या मीटरवर फक्त १२.१ दिसतं, दुसरा आकडा येतच नाही. एक शतांश कसा बघू?

बंड्या_नाशिककर
मीटरचा नॉब २०० वर असेल, २० वर आणा. आणि मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी नवी घाला. ती उतरली की स्वस्त मीटर आकडा जास्त दाखवायला लागतात. बॅटरी चांगली समजून बसाल.

कॅलगरीकर
चार तास की रात्रभर, यावर मात्र मी मीराताई आणि काकांशी पूर्ण सहमत नाही. घरात माणूस रात्रभर बॅटरी काढून ठेवणार नाही, मधेच लाईट गेली तर? मला वाटतं अर्ध्या तासाचा आकडा घ्यावा आणि तीच सवय कायम ठेवावी. दर महिन्याला त्याच लोडनंतर, त्याच वेळाने मोजलं तर बॅटरी खाली चाललीय का ते कळतंच.

विद्युतदास
तुलनेसाठी चालेल. लोड आणि वेळ मात्र खरंच सारखे ठेवले पाहिजेत. किती शिल्लक आहे ते सांगायला नाही चालणार.

झटकामशीन_जुन्नर
पहाटे मोजलं, ११.७०. दुपारी परत १३.५.

विद्युतदास
पहाटेचं खरं. पॅनल दिवसाला जेवढं भरतं त्यापेक्षा रात्री जास्त जातंय, नाहीतर बॅटरी म्हातारी झालीय. आधी पॅनलवरची धूळ पुसा, वायरींचे जोड बघा, मग बॅटरीकडे वळा.

कृष्णाकाठ
काका, शेवटचं एक. आमच्या चुलत्यांच्या घरी पण ट्यूब्युलर आहे. रात्रभर ठेवून मोजली, व्होल्टेज १२.४० आणि ग्रॅव्हिटी १.२०५. हिशोबाने १२.२७ यायला हवं. इथे व्होल्टेज जास्त आणि ग्रॅव्हिटी कमी आहे, माझ्या उलटं. अजून थांबायला हवं का?

विद्युतदास
थांबून काही होणार नाही. उंच बॅटरीत घट्ट अ‍ॅसिड तळाला बसतं आणि वर पातळ राहतं. हायड्रोमीटर वरचं ओढतो, व्होल्टेजला तळाचं घट्ट अ‍ॅसिड वर खेचतं. डिस्टिल्ड वॉटर घालून पूर्ण चार्ज न करताच मोजलं तरी असंच दिसतं. दोन्हींत फरक एवढाच की पाण्याचं पुढच्या पूर्ण चार्जमध्ये मिटतं, आणि रोज अर्धवट चार्ज होणाऱ्या बॅटरीला बुडबुडे सुटेपर्यंत लांब चार्ज द्यावा लागतो, तेव्हाच अ‍ॅसिड ढवळून निघतं. चुलत्यांना विचारा, पाणी शेवटचं कधी घातलं?